सर्व्हिसिंगच्या बिलातली ऑईलची ओळ

गाडी सर्व्हिसिंगहून आली की आपण बिलाची शेवटची बेरीज बघतो आणि पैसे देतो. माझं म्हणणं आहे, त्याआधी ऑईलची ओळ वाचा. लिटर आणि ग्रेड, दोन्ही.

आमच्या सांगलीतल्या शेजारच्या काकांचं परवाचं बिल घ्या. छोटी पेट्रोल गाडी. बिलात इंजिन ऑईल ४ लिटर, लिटरला ४८० रुपये. गाडीच्या मॅन्युअलमध्ये फिल्टर बदलासकट ३.१ लिटर लिहिलंय. म्हणजे ९०० मिली जास्त, ४३२ रुपये, वर १८ टक्के जीएसटी धरून जवळपास ५१० रुपये.

काका म्हणाले, "अरे, चार लिटरचा डबाच येतो, ते तरी काय करणार?" कबूल. पण मग उरलेलं ऑईल डब्यासकट काकांना मिळायला हवं होतं. आणि बॅरलमधून गनने भरलं असेल तर चार लिटर लावायचं कारणच नाही.

पूर्ण चार लिटर ओतलं असेल का? हे गाडीच सांगते. सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिक पुसून परत घालून बघायची. बहुतेक गाड्यांत खालच्या आणि वरच्या खुणेत साधारण लिटरभराचा फरक असतो. ९०० मिली जास्त गेलं असतं तर ऑईल वरच्या खुणेच्या बरंच वर दिसलं असतं. काकांचं बरोबर खुणेवर होतं. म्हणजे पैसे लावले, ऑईल गेलं नाही. (खुणेच्या वर असतं तर तेही वाईटच, क्रँक त्यात आपटून ऑईलला फेस येतो.)

लिटर असे नंतरही तपासता येतात, ग्रेड नाही. ०डब्ल्यू-२० सिंथेटिकचे पैसे लावून साधं ५डब्ल्यू-३० ओतलं तर रंगावरून किंवा बोटाला लावून कुणालाही कळणार नाही. म्हणून बिलात नुसतं 'इंजिन ऑईल' चालवून घेऊ नका. जॉब कार्डवर सही करतानाच ग्रेड आणि लिटर लिहून घ्या, आणि ओतण्याआधी डब्याचं सील किंवा बॅरलवरचं लेबल बघायला मागा.

याच बिलात कूलंट १ लिटरही होतं. कूलंटची यंत्रणा बंद असते, नेहमीच्या सर्व्हिसिंगला फार तर थोडं टॉप-अप लागतं. खरंच लिटरभर कमी झालं असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ते जॉब कार्डवर यायला हवं होतं. तिथे गळतीचा शब्दही नव्हता. ब्रेक ऑईलचं उलटं असतं. 'बदललं' लिहून १०० मिली लावलं असेल तर ते बदललेलं नाही, वरून भरलंय. चारही चाकांकडून जुनं काढून नवं भरायला याच्या कितीतरी पट लागतं.

काकांनी मॅन्युअलचं पान दाखवल्यावर ऑईल ३.१ लिटरवर आलं आणि कूलंटची ओळ निघाली. हे पैसे देण्याआधी झालं म्हणून सोपं गेलं.