पाणी पिऊनच या

"सीटी स्कॅनच्या आधी १२ तास पाण्याचा थेंबसुद्धा घेऊ नका. मासे-खेकडे सोसत नसतील तर डाय घेऊच नका, त्यात आयोडीन असतं. क्रिएटिनिन थोडं जरी वाढलेलं असलं तरी एका इंजेक्शनने डायलिसिस लागतं. स्कॅननंतर दोन दिवस बाळाला अंगावर पाजू नका. सर्वांना पाठवा."

स्कॅनमध्ये आतले अवयव ठळक दिसावेत म्हणून शिरेतून जे औषध देतात तो डाय. कोल्हापुरात सीटीच्या टेबलाशेजारी उभं राहून त्यासाठी हाताच्या शिरेत इंट्राकॅथची सुई लावणं हे माझं रोजचं काम आहे. हा मेसेज वाचून आलेला पेशंट मला हात बघूनच कळतो. परवा राधानगरीकडून पहिल्या एसटीने एक आजी आल्या, वय ७२, सोबत सून. आदल्या संध्याकाळी सातला जेवलेल्या, त्यानंतर काही नाही. जीभ कोरडी, हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. शीर दिसायची, पण सुई टेकवली की बाजूला सरकायची. "मोबाईलवर आलंतं, पानी बी चालत न्हाई म्हनून," आजी म्हणाल्या. उपास पाळला होता, पण साखरेची ग्लिमेपिराइडची गोळी सवयीने पहाटेच घेतलेली. कपाळाला घाम दिसला म्हणून बोटातून साखर तपासली, तर ५८. आधी ग्लुकोज पाजलं, साखर वर येईपर्यंत थांबलो आणि मगच टेबलावर घेतलं.

उपाशी ठेवण्याची पद्धत जुन्या डायच्या काळातली आहे. त्या डायने मळमळ आणि उलटी बऱ्याच जणांना व्हायची. आडवं झोपलेल्या माणसाची उलटी श्वासनलिकेत जाऊ नये, ही त्यामागची भीती. आता वापरतात त्या आयोहेक्सॉलसारख्या नॉन-आयोनिक डायने उलटी क्वचितच होते. म्हणूनच युरोपातल्या आणि अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांच्या मार्गदर्शक सूचना नुसत्या डायसाठी उपाशी राहायला सांगत नाहीत. आपल्याकडे अजून बऱ्याच ठिकाणी जेवण चार तास बंद ठेवायला सांगतात. तुमच्या चिठ्ठीवर तसं असेल तर तेवढं पाळा, पण ते जेवणापुरतं. पाणी चालू ठेवायचं. पोटाच्या स्कॅनला तर बऱ्याचदा आम्हीच लिटरभर पाणी तासाभरात थोडंथोडं प्यायला देतो. बारा तास कोरडा राहिलेला माणूस ते घटाघटा पितो आणि मग खरंच मळमळतं. भूल किंवा झोपेचं इंजेक्शन देणार असतील तर उपाशी राहण्याचे नियम वेगळे, ते भूलतज्ज्ञ सांगतात. हृदयाच्या किंवा डायलिसिसच्या पेशंटला डॉक्टरांनी पाणी मोजून दिलेलं असेल तर तेच प्रमाण ठेवायचं.

साखरेच्या औषधांचं बुकिंग करतानाच विचारा. जेवण लांबणार असेल तर ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन नेहमीच्या वेळी घेऊन बसणं धोक्याचं, हे आजींच्या बाबतीत दिसलंच. बीपीची गोळी मात्र डॉक्टरांनी थांबवायला सांगितली नसेल तर घोटभर पाण्याबरोबर नेहमीसारखी घ्यायची. बीपी वाढलेल्या अवस्थेत टेबलावर येऊन कुणाचंच भलं होत नाही.

आता किडनी. इथे भीती अगदीच निराधार नाही, पण ती चुकीच्या आकड्याला चिकटली आहे. क्रिएटिनिन म्हणजे किडनी रक्तातून बाहेर टाकते तो कचरा. ते एकटं बघून काही ठरत नाही. त्यात वय आणि स्त्री की पुरुष हे घालून ईजीएफआर काढतात, म्हणजे किडनी मिनिटाला किती रक्त गाळते त्याचा अंदाज. आजींचं क्रिएटिनिन होतं १.२. तिशीतल्या पुरुषाचं १.२ असेल तर ईजीएफआर साधारण ८३ येतो. ७२ वर्षांच्या बाईचं तेच १.२ असेल तर ४८. रिपोर्टवर आकडा एकच, किडन्या वेगळ्या. तरीही ४८ वर शिरेतून डाय देता येतो. खरी काळजी ३० च्या खाली सुरू होते. आजींचं क्रिएटिनिन १.८ असतं तर त्या ३० च्या काठावर, किंचित खालीच आल्या असत्या. तिथेही दार बंद होत नाही. स्कॅन किती गरजेचा आहे हे डॉक्टर ठरवतात, आधी आणि नंतर सलाईन लावतात, आणि दोन-तीन दिवसांनी क्रिएटिनिन पुन्हा बघतात. वाढलं तरी बहुतेकांचं आठ-पंधरा दिवसांत खाली येतं. अशा किडनीला खरा त्रास होतो तो अंग कोरडं असताना, आणि गुडघेदुखीसाठी परस्पर डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामक गोळी घेत राहिल्याने. म्हणजे मेसेज ज्या किडनीसाठी घाबरवतो, तिलाच पाणी तोडायला सांगतो.

साखरेच्या मेटफॉर्मिन गोळीचं लोक हमखास विचारतात. ती किडनी बिघडवत नाही. पण किडनी मंदावली तर ती अंगात साठते आणि रक्तातलं लॅक्टिक आम्ल वाढू शकतं. म्हणून ईजीएफआर ३० च्या खाली असेल, किंवा किडनीला अचानक दुखापत झालेली असेल, तर स्कॅनपासून ४८ तास बंद ठेवतात आणि किडनी तपासूनच पुन्हा सुरू करतात. आजींची चालूच ठेवली.

मासे-खेकड्यांचा डायशी संबंध नाही. कोळंबी-खेकडा सोसत नाही तो त्यातल्या ट्रोपोमायोसिन नावाच्या प्रथिनामुळे. आयोडीन तर आपल्या रोजच्या मिठातही असतं. आम्हाला वेगळंच कळायला हवं असतं: आधी कधी डायचं इंजेक्शन झालं होतं का, अँजिओग्राफीतलंसुद्धा, आणि त्यानंतर काय झालं? अंगभर गरम वाटलं, तोंडाला विचित्र चव आली, लघवी झाल्यासारखं वाटलं, तर ती ॲलर्जी नव्हे. ते जवळजवळ सगळ्यांना होतं आणि मिनिटभरात जातं. पित्ताच्या गांधी उठल्या, घसा आवळला, धाप लागली, चक्कर येऊन बीपी पडलं, तर ती ॲलर्जी. जुना कागद असेल तर त्यावर डायचं नाव असतं, तो आणा. दमा असेल तर तोही सांगा. आणि हे सगळं बुकिंगलाच सांगा, टेबलावर झोपल्यावर नको. कारण दुसरा डाय निवडावा लागतो, आणि आधी स्टेरॉइडच्या गोळ्या द्यायच्या ठरल्या तर नेहमीच्या पद्धतीत पहिली गोळी १३ तास आधी घ्यावी लागते. ऐन वेळी कळलं तर बऱ्याचदा स्कॅन पुढे ढकलावा लागतो. "टेस्ट डोस देऊन बघा की," असं नातेवाईक म्हणतात. थोडा डाय देऊन काही झालं नाही, म्हणून पुऱ्या डोसला काही होणार नाही असं नसतं.

बाळाचं सांगायचं तर दुधात उतरणारा डाय एक टक्क्याहूनही कमी असतो आणि त्यातला अगदी थोडाच बाळाच्या आतड्यातून आत जातो. पाजणं थांबवू नका. क्ष-किरण अंगात राहत नाहीत, त्यामुळे नातवंडाला लगेच मांडीवर घ्यायलाही हरकत नाही.

स्कॅन झाला की लोकांना घाई असते ती एसटीची. मोठी ॲलर्जी बहुधा पहिल्या २० ते ३० मिनिटांत दिसते, म्हणून तेवढा वेळ सुई हातात ठेवूनच बसवतो. आजींच्या सुनेला मी दोन गोष्टी सांगितल्या. किडनी बरी असेल तर डाय दिवसभरात लघवीवाटे जवळजवळ सगळा निघून जातो, तेव्हा आज आणि उद्या पाणी थोडं जास्त द्या. आणि सुईच्या जागी बघत राहा. डाय शिरेबाहेर गेला असेल तर तिथे फुगतं आणि ठणकतं. हात उंच ठेवून थंड पट्टी लावली की बहुतेक वेळा उतरतं. पण फोड आले, बोटं बधिर झाली किंवा सूज वाढून हात ताठरला, तर वाट न बघता परत यायचं. अंगावर खाजरं पुरळ तर आठवड्याभरातही उठू शकतं. तसं झालं तर कोणता डाय दिला होता ते लिहिलेला कागद घेऊन डॉक्टरांकडे जायचं.

सुनेने तो कागद तिथेच आजींच्या पिशवीत, आधार कार्डाच्या पाकिटात घालून ठेवला.