तरफदार आणि नायक एका रकान्यात बसत नाहीत

बहमनी आणि विजयनगर या दोन राज्यांच्या कारभाराची तुलना करणाऱ्या तक्त्याविषयी असे म्हटले जाते : «बहमनी-विजयनगर तक्ता दोन ओळींत संपतो. बहमनी : चार तरफा आणि तरफदार. विजयनगर : अमरनायक. ही दोन्ही पदे एकच. शेतसारा दोन्हीकडे उत्पन्नाचा एक षष्ठांश.»

«चार तरफा», म्हणजे चार प्रांत, हे महंमदशहा पहिला (1358–75) याच्या काळापुरते बरोबर आहे. पुढे राज्य विस्तारल्यावर वजीर महमूद गावान याने मोठ्या तरफा विभागल्या. दौलताबादमधून जुन्नर वेगळे झाले, तर वऱ्हाडाचे गाविल आणि माहूर असे दोन भाग पडले, आणि एकूण संख्या आठ झाली. म्हणून तक्त्यात काळाचा रकाना आधी आखावा. तो नसला की चार आणि आठ ही दोन्ही उत्तरे चुकीची वाटू लागतात.

पदांविषयीचे विधान अर्धेच खरे आहे. तरफदार आणि नायक दोघेही सैन्य बाळगत आणि महसूल गोळा करत, एवढे साम्य मान्यच आहे. मात्र गावानने तरफदाराच्या ताब्यात एकच किल्ला ठेवला, उरलेल्या किल्ल्यांवर केंद्राचे किल्लेदार नेमले आणि प्रत्येक तरफेतील काही जमीन थेट सुलतानाच्या खालशात घेतली. या सुधारणांनी दुखावलेल्या सरदारांच्या कारस्थानातून 1481 मध्ये त्याचा वध झाला, आणि थोड्याच वर्षांत जुन्नरला असलेल्या मलिक अहमदने निजामशाही उभारली. अमरनायकाकडे मात्र प्रदेशाचा महसूल सोपवला जाई, त्यातून त्याने ठरलेले घोडदळ व पायदळ पोसायचे आणि राजाला ठरावीक रक्कम द्यायची. नुनिझ हा पोर्तुगीज ती रक्कम साधारण निम्मी सांगतो. तेव्हा तुलनेची खरी ओळ पदनामाची नसून «किल्ले व महसूल कोणाच्या हाती» ही आहे.

एक षष्ठांश हा धर्मशास्त्रातला राजाचा वाटा आहे. विजयनगरात आकारणी जमीन बागायत आहे की कोरडवाहू आणि पीक कोणते, यावर ठरत असे. नुनिझ तर शेतकऱ्याकडून दहांपैकी नऊ हिस्से जात असे म्हणतो, जे मला अतिशयोक्त वाटते. या दोन टोकांपैकी एकही आकडा तक्त्यात लिहू नये.

| ओळ | बहमनी (गावानचा काळ) | विजयनगर (तुळुव घराण्याचा काळ) |
|---|---|---|
| प्रांत | आठ तरफा | «राज्य» नावाचे प्रांत. त्यांत नायकांचे प्रदेश |
| किल्ले व महसूल | एक किल्ला तरफदाराकडे. खालसा जमीन वेगळी | महसूल नायकाकडे. राजाला ठरलेली रक्कम |
| आकारणी | मोजणीवर आधारित | जमीन व पिकानुसार |

गावपातळीची ओळ जोडायची असेल, तर विजयनगरच्या बाजूला आयगार लिहावेत. करमुक्त जमिनीच्या मोबदल्यात गावाचे काम करणारे हे वतनदार पाहून आपल्याला बलुतेदार आठवतात खरे, पण तेवढ्यावरून बहमनी बाजूच्या चौकटीत «बलुतेदार» भरून टाकू नये.