बकरी टायरात, भाऊजी फोटोत

आमच्याकडे जावयाले मान असते असं लोकं म्हणतात, पण माह्या सासुरवाडीले माह्याकडून मान नाही, टायरची ओळख पाहिजे असते. चूक माहीच. चार वर्षांआधी एका लग्नाच्या मांडवात उगाच बसल्या बसल्या साळ्याच्या ट्रॅक्टरचे मागचे टायर उलटे बसवलेत हे सांगून टाकलं. मागून पाह्यलं तर टायरवरच्या व्ही आकाराच्या रबरी गोट्यांचं टोक वर दिसाले पाहिजे, याचं खाली दिसत होतं, एवढंच. टोक वर असलं की चिखलात गोट्याचा मधला भाग आधी टेकून माती दोन्ही बाजूले बाहेर फेकली जाते, उलटं बसवलं की माती मधातच भरून राहते. तेव्हापासून दारव्हा तालुक्यात मी टायरवाला भाऊजी.

परवा मृगाच्या तोंडावर, मी जेवाले बसलो अन् फोन वाजला. साळा. फोटो आला. फोटोत अंगठा. दुसऱ्या फोटोत टायर होता, पण त्याच्यात एक बकरी अशी बसली होती जसं काही तिनं सातबारा काढून ठेवला. खाली लिहिलेलं, "भाऊजी पुढच्याले चालते का? दोन नग पाच हजारात, नवेच हायेत."

मी म्हटलं, बापा, बकरी उठव अन् टायरच्या गालावर काय लिहिलं तेचा फोटो पाठव. तिसरा फोटो आला. त्यात सूर्य मागून, टायर काळा, अक्षरं काळी, वरून शेणामातीचा थर. फ्लॅश मारला तर मधात पांढरा गोळा अन् बाकी अमावस्या. फार डोळे फोडले तेव्हा एवढंच दिसलं: "५०-१६".

आता "५०-१६" म्हणजे काय? मागचं १६ म्हणजे डिस्कचा व्यास, सोळा इंच, ते ठीक. पण ५० च्या आधी काय होतं? ६.५० का ७.५०? साळ्याच्या ट्रॅक्टरले पुढं ७.५०-१६ बसते, साडेसात इंच रुंदीचा. एक आकडा मातीखाली गेला अन् पाच हजाराचा सौदा लटकला. मी विचारलं, तर म्हणतो, "बरोबर लागते, सोळाचाच हाये." अरे सोळाचे तर कितीतरी टायर असतात, सोळा नंबरची चप्पल सांगतो का दुकानात?

मग मी युक्ती सांगितली. टायरची अक्षरं उठावाची असतात, त्याच्यावर खडू घासला की उठाव पांढरा होते अन् खाचा काळ्याच राहतात. फ्लॅश बंद ठेवाचा अन् उजेड एका बाजूनं आडवा पडू द्याचा. तिथं शेतात खडू कुठला! पण खर्ऱ्याच्या चुन्याची डबी असतेच. साळ्यानं चुन्याचं बोट टायरवर फिरवलं अन् चौथा फोटो जो आला, तो पाहून मले वाटलं याले आता पंचायतीच्या भिंती रंगवाले न्यावं. स्वच्छ वाचता आलं: ७.५०-१६, पुढं १६ पीआर.

"भाऊजी, माह्या टायरवर ८ पीआर हाये, हा १६. म्हणजे डबल मजबूत!" साळा खूष.

इथंच मले घास घशात अडकला. पीआर म्हणजे आत इतके थर, असं नाही, तो ताकदीचा दर्जा आहे. ट्रॅक्टरच्या पुढच्या ७.५०-१६ ले आपल्याकडे साधारण ८ पीआर दिसते. त्याच मापाले १६ पीआर दिसला की पहिला संशय हलक्या ट्रकचा, आपली ४०७ गाडी आठवा, तिले हेच माप. डिस्कवर दोन्ही बसतात, म्हणूनच फसवणूक होते. माप एक, घर वेगळं. जसं आमच्या गावात दोन माणसाचं नाव एकच आहे, पण एक भजन म्हणतो अन् एक जुगार खेळतो.

मी म्हटलं, आणखी वाच, एफ-२ कुठं लिहिलं का? ट्रॅक्टरच्या पुढच्या बऱ्याच टायरवर ते असते. अन् वेगाच्या जागी ए६ किंवा ए८, म्हणजे तीस किंवा चाळीसची गती. नाही, म्हणे, तिथं नुसता एल आहे. एल म्हणजे ताशी एकशे वीस. आता सांगा, तुरीच्या धुऱ्यावर एकशे वीसनं कोण पळणार हाये?

तरी मी निकाल देल्ला नाही. म्हटलं, जमिनीले टेकते त्या भागाचा फोटो काढ. पुन्हा गालाचा आला. "टेकते तो!" पुन्हा गाल, यावेळी बकरीसकट. तिसऱ्यांदा आला तेव्हा खरी गोष्ट समोर आली.

ट्रॅक्टरच्या पुढच्या टायरले, टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरच्या म्हणतो मी, तीन सरळ उभ्या पट्ट्या असतात, मधली बाकी दोघींपेक्षा उंच. ती मधली पट्टी मातीत रुतते अन् चाक वळवलं की ट्रॅक्टर वळते. साळ्याच्या फोटोत पाच पट्ट्या, नागमोडी, सगळ्या एकाच उंचीच्या, खोली अशी की पावसाचं पाणी जाईल, माती नाही. हा डांबरी रस्त्याचा टायर. आमच्या काळ्या मातीत वल्ल्या वावरात हा लावला की स्टेअरिंग उजवीकडे अन् ट्रॅक्टर सरळ शेजाऱ्याच्या कपाशीत. शेजारी आधीच धुऱ्यावरून दोन वर्षं बोलत नाही.

अन् आणखी एक. फोटो मोठा करून पाह्यला तर खाचांची खोली एकसारखी नव्हती, एका जागी उथळ, एका जागी इतकी खोल की आतून धागा डोकावत होता, अन् कडा ब्लेडनं कापल्यासारख्या. कंपनीच्या खाचेत तळाशी झिजण्याची खूण म्हणून रबराचे छोटे उंचवटे असतात, ते कुठंच नव्हते. म्हणजे टायर गोटा झाला होता अन् कोणीतरी हातानं काप मारून त्याले नवं नाक-डोळे काढून देल्ले होते. "नवेच हायेत!"

शेवटचं विचारलं, चार आकड्याचा एक बारीक नंबर सापडते का. सापडला, ०९१४. "भाऊजी, नऊशे चौदा रुपये मूळ किंमत असन!" किंमत नाही रे, ती जन्मपत्रिका. पहिले दोन आकडे आठवडा, मागचे दोन वर्ष, म्हणजे २०१४ चा नववा आठवडा. तेव्हा तुह्यं लग्नही झालं नव्हतं. गालावर बारीक भेगा दिसतात का? दिसतात म्हणे, "पण त्या शोभेच्या असतीन."

मी ठाम सांगितलं, घेऊ नको. ट्रॉलीलेही नको, भेगा पडलेला गाल अन् धागा दिसलेला टायर कापसाच्या गाडीखाली फुटला तर बाजारऐवजी नालीत पोहोचसीन. भाजी गार झाली तरी तासभर मन लावून समजावलं.

पलीकडं थोडा वेळ शांतता. मग हळूच आवाज आला, "पण भाऊजी, इसार तं म्या सकाळीच देल्ला."

"मग मले फोटो काऊन पाठवले बे?"

"तुमच्याकडून खात्री करून घ्यावं म्हटलं."

दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा फोटो. साळ्याच्या अंगणात दोन्ही टायर आडवे, चुन्याचे आकडे तसेच चमकत होते, एकात तीच बकरी. इसारासोबत तीही सौद्यात आली का काय, मी विचारलं नाही. खाली लिहिलं होतं, "भाऊजी, एकात हे बसली, दुसऱ्यात काय लावू, कोथिंबीर का मिरची?"