आजोबांच्या डोक्यात वावर

तालुक्याच्या गावी फ्लेक्सच्या दुकानात कॉम्प्युटरपुढे बसलेल्या माणसाला लोक काय काय सांगतात, त्याची यादी करायची म्हटली तर फ्लेक्सच लागेल. त्यातली सध्याची अव्वल नंबरची फर्माईश अशी. नातू मोबाइल पुढे धरतो, त्यात बाजूनं काढलेला आजोबांचा फोटो असतो, आणि तो म्हणतो, "भाऊ, अमृतमहोत्सवाचं बॅनर हाय. आजोबाच्या डोक्यात आपलं वावर टाकून द्या. ते नाही का, पिच्चरच्या पोस्टरवर रायते तसं."

याला डबल एक्स्पोजर म्हणतात. रीळच्या कॅमेऱ्यात एकाच फिल्मवर दोनदा फोटो घेत. पहिल्या वेळी माणूस उजेडाच्या उलट उभा केला की त्याची आकृती काळी येई. काळं म्हणजे फिल्मवर तिथं उजेड पडलेलाच नाही, जागा रिकामी. दुसऱ्या वेळी त्या रिकाम्या जागेत झाडं-डोंगर उमटत. फोटोशॉपमधला स्क्रीन हा ब्लेंड मोड हाच हिशेब करतो. तो फक्त उजळ करू शकतो, काळं करणं त्याच्या कुंडलीत नाही. खालचा थर काळा असेल तिथं वरचं चित्र पूर्ण दिसतं, खालचा पांढरा असेल तिथं काहीच दिसत नाही.

आता माझी अडचण ऐका. पोस्टरवरचा नट काळ्या जाकिटात असतो, केसही काळेभोर. आमचे आजोबा? पांढरी टोपी, पांढरा सदरा, पांढऱ्या मिशा, खांद्यावर पांढरा दुपट्टा. सगळं वऱ्हाड पांढऱ्यात वावरतं आणि स्क्रीनला नेमकं पांढऱ्याचंच वावडं! वावराचा थर आजोबांवर ठेवून मोड स्क्रीन केला की गालात पऱ्हाटी उगवते, सदरा कोरा राहतो आणि टोपी तर बॅनरच्या फिक्या रंगात विरूनच जाते. नातू बघतो आणि विचारतो, "आजोबाचं टाळकं कुठं गेलं?"

टाळकं परत आणायचं तर आधी थर नीट रचावे लागतात. आजोबांना सिलेक्ट अँड मास्कमध्ये नेऊन मागच्या भिंतीपासून सोडवायचं. मिशांसाठी तिथं रिफाइन एज ब्रश आहे. शिफ्ट एज उणे १० ते २० टक्के ठेवायचं, म्हणजे कड थोडी आत सरकते. हे केलं नाही तर भिंतीचा उजळ रंग कडेला चिकटून येतो, आणि स्क्रीन तो झाकू शकत नाही. आजोबांभोवती प्रभावळ दिसली की समजायचं, कड आत घेतलेली नाही. बायकांना ती प्रभावळ आवडते, हा भाग वेगळा.

या कापलेल्या आजोबांवर तीन थर चढवायचे आणि प्रत्येकाला Ctrl+Alt+G मारून आजोबांना क्लिप करायचं, म्हणजे कुठलाही थर आजोबांच्या बाहेर सांडत नाही. पहिला ब्लॅक अँड व्हाइट, कारण कातडीचा रंग आणि शेताचा हिरवा एकत्र आले की गढूळ घाण होते. दुसरा लेव्हल्सचा, तिसरा वावराचा, मोड स्क्रीन. वावराचा फोटो आधी स्मार्ट ऑब्जेक्ट करून ठेवायचा. का ते शेवटी सांगतो.

सगळी गोम मधल्या लेव्हल्समध्ये आहे. तिथं आउटपुटचा पांढरा टोक-बाण २५५ वरून ११० वर आणायचा. या थराला आपोआप एक पांढरा मास्क मिळतो. तो Ctrl+I नं काळा करायचा आणि पांढऱ्या ब्रशनं फक्त टोपी, सदरा, दुपट्टा रंगवायचा. मास्कचा नियम एकच, पांढरं लागू आणि काळं गायब. आता टोपी राखाडी होते. नातवानं हे बघितलं तर, "आजोबाची टोपी मळली," म्हणून ओरडेल, म्हणून या वेळेला त्याला चहा सांगायला पाठवावं.

मळवल्यानं काय साधतं, ते आकड्यांत बघा. ० म्हणजे ठार काळं, २५५ म्हणजे पूर्ण पांढरं. टोपीचा उजेड २५० असेल आणि वर झाडाचा ६० चा गडद पाला आला, तर स्क्रीननंतर तिथं २५१ मिळतात. म्हणजे झाड लावलं काय नि नाही काय. टोपी ११० च्या आसपास आणली की तोच पाला १४४ च्या आसपास दिसतो, झाड झाडासारखं उभं राहतं. पण त्या ११० च्या टोपीवर आभाळ आलं, २३० च्या उजेडाचं, तर उत्तर २४१. टोपी पुन्हा पांढरीफटक! आणि वावराच्या कुठल्याही फोटोत वरच्या बाजूला असतं काय? आभाळच. तेही आपल्याकडचं, उन्हानं पांढरं पडलेलं.

म्हणून फोटो निवडतानाच भांडून घ्यावं. आजोबांच्या टोपीवर बांधावरचा कडूलिंब यायला हवा, गालावर दूरची गडद झाडांची रांग, आणि फुटलेला कापूस खाली खांद्यावर. कापूस गालावर आला तर बोंडं सगळ्यात उजळ निघतात आणि आजोबांवर चुन्याचे शिंतोडे उडाल्यासारखे दिसतात. एका फोटोत हे जमत नसेल तर कडूलिंबाचा वेगळा फोटो टोपीपुरता चौथा थर म्हणून क्लिप करावा, तोही स्क्रीनवरच, आणि जोड मास्कवर काळ्या-पांढऱ्या ग्रेडियंटनं पुसावा. त्याच जागी खालच्या वावराच्या मास्कवर काळं फिरवायला विसरू नये, नाहीतर जुनं आभाळ तिथंच बसून राहतं.

मग राहतो चेहरा. डोळ्यावर सरी-वरंबे आले की आजोबा ओळखू येत नाहीत, आणि बॅनर शेवटी त्यांचं आहे, कृषी खात्याचं नाही. वावराच्या थराला मास्क लावून मऊ कडेचा काळा ब्रश घ्यायचा, ऑपॅसिटी २० ते ३० टक्के, आणि डोळा, नाक, मिशी यांवरून हळूहळू दोन-चार हात फिरवायचे. शंभर टक्क्यांनी एकाच फटक्यात केलं तर पिकात डुकरं शिरून गेली असं भगदाड दिसतं. थर आणि मास्क यांच्यामधली साखळी क्लिक करून तोडून ठेवायची. मग वावर इकडंतिकडं सरकवलं तरी डोळ्याची मोकळी जागा हलत नाही.

हे सगळं आरजीबीत करायचं. सीएमवायकेत स्क्रीनचा हिशेब शाईवर होतो आणि जमलेलं चित्र बदलतं. छापायला द्यायची वेळ आली की फाइलची प्रत काढून ती फ्लॅटन करायची, मगच सीएमवायके. दहा बाय सहा फुटांचं बॅनर ७२ डीपीआयनं ८६४० बाय ५१८४ पिक्सेलचं होतं, एवढ्यात आमचं मशीन उसासे टाकतं, म्हणून दर दोन थरांनंतर Ctrl+S. लाइन कधी जाईल ते महावितरणलाही ठाऊक नसतं.

थरांची मूळ फाइल मात्र पुसायची नाही. कारण संध्याकाळी नातू काकाला घेऊन येतो. काका बॅनर बघतात, मान हलवतात आणि म्हणतात, "भाऊ, हे वावर तं लायन्याच्या वाट्याले गेलं. आपलं तिकडं, धुऱ्यापलीकडचं हाय. थे टाका." इथं स्मार्ट ऑब्जेक्ट कामी येतो. थरावर राइट क्लिक, रिप्लेस कंटेंट्स, नवा फोटो. मोड, क्लिप, मास्क, सगळं जागच्या जागी राहतं. फक्त टोपीवर आभाळ आलंय का, तेवढं बघायचं.