भव्य क्रीडांगण (मुहूर्त सोडून)

माझी एका मिनिटाची संहिता शाळेच्या गेटवर, व्हॅनला टेकून उभ्या असलेल्या काकांनी नापास केली. संस्थापक सरांनीच त्यांना हाक मारली होती. "यांना वाचून दाखवा मॅडम, हे म्हणजे जनता." लेखनावर पोट असलेल्या बाईनं भर दुपारी, रिव्हर्सच्या पींपींमध्ये, जनतेला मोठ्यानं वाचून दाखवायचं. दाखवलं.

काम सरळ होतं. सिंहगड रस्त्याच्या पुढं एक खासगी शाळा, नर्सरी ते आठवी, प्रवेशाचा हंगाम, पालकांच्या मोबाइलवर जाईल असा छोटा व्हिडिओ. सर म्हणाले होते, "सगळे फेकतात. आपण प्रामाणिक करू. आहे ते सांगू." असं म्हणणारी माणसं ॲडव्हान्सचा विषय काढत नाहीत, हा माझा जुना अनुभव.

एका मिनिटात मराठी शब्द बसतात साधारण एकशेवीस. त्यापुढं गेलं की निवेदकाला श्वास घ्यायला जागा उरत नाही. शिवाय निम्मे पालक असले व्हिडिओ ऑफिसात आवाज बंद करून बघतात, म्हणजे तेच शब्द पडद्यावर मोठ्या अक्षरात वाचताही आले पाहिजेत. कागदावर उभी रेघ मारायची. डावीकडं दिसणार काय, उजवीकडं ऐकू येणार काय. उजवीकडच्या ज्या वाक्यासमोर डावीकडं काही लिहिता येत नाही, ते वाक्य काढायचं. प्रामाणिकपणा तपासायला मला तरी याहून सोपा उपाय माहीत नाही.

"सर्वांगीण विकास," सरांनी सुचवलं.

"डावीकडं काय दाखवायचं?"

"मुलं हसताना."

"आणि मूल्याधिष्ठित शिक्षण?"

सरांनी विचार केला. "मुलं हात जोडून हसताना."

त्यांनी पाठवलेल्या सुविधांच्या यादीत मुलामुलींची स्वतंत्र स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, ग्रंथालय आणि क्रीडांगण ठळक अक्षरांत होतं. शिक्षणहक्क कायदा २००९ चा. त्याच्या परिशिष्टात शाळा म्हणवून घ्यायला जे लागतंच, त्यात हे सगळं आहे. ते मिरवणं म्हणजे 'आमच्याकडे ताटं धुतली जातात' अशी पाटी खानावळीनं लावणं. मी ती ओळ उडवली. सर दुखावले. "पण आमची स्वच्छतागृहं खरंच आहेत हो!"

मग 'सीबीएसई पॅटर्न'. मी संलग्नतेचा क्रमांक मागितला, तर सर खिडकीबाहेर बघायला लागले. पॅटर्न म्हणजे पुस्तकं तशी, वेळापत्रक तसं, युनिफॉर्मचा टायसुद्धा तसा, फक्त मंडळाला या शाळेची कल्पना नाही. शाळा आठवीपर्यंतच, म्हणून अजून कुणाचं अडलेलं नाही. अडेल ते नववीला, दुसरी शाळा शोधताना. संलग्न शाळांची यादी मंडळाच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. पण नर्सरीच्या फॉर्मसाठी रांगेत उभा असलेला बाप ते बघत नाही, आणि सर त्याच भरवशावर आहेत. इथं माझं हसू जरा आटलं. मी लिहिलं, 'मान्यता राज्य शासनाची, पुस्तकं सीबीएसईची.' आठ सेकंदांपेक्षा कमी वेळात खरं सांगून होतं.

खरी गंमत क्रीडांगणाची. ते शेजारच्या लॉन्सचं आहे. लॉन्स म्हणजे मंगल कार्यालय, शाळेचा त्यांच्याशी करार आहे. लग्न नसेल त्या दिवशी पीटीचा तास हिरवळीवर होतो, असेल त्या दिवशी पार्किंगमध्ये. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू, मग उन्हाळ्यापर्यंत मैदान वऱ्हाडी मंडळींकडं. चातुर्मासात लग्नं नसतात, तेव्हा मैदान मोकळं असतं आणि त्यावर चिखल असतो. मुलांना खेळायला पितृपक्ष तेवढा बरा, तोही त्याच दिवसांत सहामाही परीक्षा लागली नाही तर.

मी लिहिलं होतं, 'मैदान आवारात नाही. शेजारच्या हिरवळीवर आठवड्यातून दोनदा नेतो, लग्नसराईत तास बदलतो.' डावीकडं दृश्यही होतं, मुलं रांगेनं फाटकातून जाताना. गेटवर वाचताना मी इथं पोचले आणि काकांनी हात वर केला.

"बदलतो म्हणजे काय मॅडम? होत नाय म्हणा."

"काका, अगदीच तसं नाही म्हणता येत."

"मग खरं खरं काय बोलताय?" त्यांनी गाडीच्या खिडकीतून एका मुलाचा डबा आत ढकलला. "आणि हे 'सुसज्ज संगणक कक्ष' कापा."

"मी सुसज्ज कुठं म्हणाले? मी म्हटलं, वीस संगणक आहेत, आठवड्यातून एक तास."

"वीस हायत. चालू चौदा. माझाच पुतण्या सहावीत हाय, त्यो माऊस धरायला तिसऱ्या नंबरला असतो." मग जरा मवाळ होऊन म्हणाले, "ऐका, आईबाप मला काय इचारतात सांगू? कॉम्प्युटर कुणीच इचारत नाय. गाडीत पोरं किती बसवता? गाडीत बाई हाय का? पोरगं मधेच शीला म्हणलं तर वर्गातली बाई सोडती का? उन्हाळ्यात टँकर येतो का? फी वर्षाला किती वाढती? ह्याच्यातलं एक तरी हाय का तुमच्या कागदात?"

नव्हतं. सरांनी दिलेल्या माहितीतच नव्हतं, तर मी कुठून आणू? पण हे सांगायला मला सवडच मिळाली नाही, कारण काकांनी माझ्या हातातला कागद घेऊन उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर बोट ठेवलं. "हिकडं लिवा."

"गाडीत पोरं किती बसवता, काका?" मी विचारलं.

काकांनी सरांकडं पाहिलं. सरांनी काकांकडं. गाडीतून एक अख्खी बालवाडी आम्हा तिघांकडं पाहत होती. सात जणांच्या गाडीत मी मोजायला सुरुवात केली, तेवढ्यात काका म्हणाले, "ते नका लिवू," आणि दार सरकवून निघून गेले. प्रामाणिकपणाची हद्द प्रत्येकाची आपापल्या गाडीपाशी संपते, हे ठीक, पण मग माझाच कागद का उलटा करायचा?

सर खूश होते. "बघा, जनतेलाही गोड वाटत नाही. तुमची संहिता तक्रारअर्जासारखी वाटते हो."

शूटिंगच्या दिवशी लॉन्सवर हळद होती. ड्रोनवाल्यानं वरून घेतलं तेव्हा चौकटीत मांडव, पिवळी शामियान्याची झालर आणि कढई आली. मी म्हटलं, दुसऱ्या दिवशी घेऊ. सर म्हणाले, "राहू द्या, स्नेहसंमेलन वाटतं." वर्ग रुंद लेन्सनं घेतला, त्यामुळं बेचाळीस मुलांचा वर्ग बॅडमिंटन हॉलएवढा झाला. कॅमेरा मुलाच्या डोळ्याच्या उंचीवर, साध्या लेन्सनं धरला असता, तर दोन बाकांमधून दप्तर जात नाही हे पालकांना कळलं असतं. म्हणूनच तो तसा धरला नाही. संगणक कक्षात चालू चौदाच दाखवले. तिथं मात्र काकांचा शब्द खाली पडला नाही.

काल व्हिडिओ आला. 'भव्य क्रीडांगण, सीबीएसई पॅटर्न, सुसज्ज संगणक कक्ष.' माझी एकच ओळ वाचली होती, 'शेजारच्या हिरवळीवर', आणि तिच्यावर मांडव. खाली माझं नाव, संहिता म्हणून, आडनावात चूक करून.

बिलाचं विचारायला फोन केला तर लेखनिक मॅडम म्हणाल्या, "सरांनी तुमच्यासाठी नर्सरीच्या फीमध्ये वीस टक्के सवलत मंजूर केलीय."

"माझा मुलगा इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे."

"मग भाचा, पुतण्या कुणी असेल की," त्या म्हणाल्या. "एकतीस मार्चपर्यंत चालेल. व्हॅनचे मात्र वेगळे पडतील."