ओवाळणी आणि वजावट

दादाला सेरेब्रल पाल्सी आहे, हे गेल्या चोपन्न वर्षांत कोणी अमान्य केलं नव्हतं. आईनं केलं नाही, शाळांनी तर अजिबातच नाही (त्या प्रवेशच देत नव्हत्या), आणि आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनीही नाही, जे रॅम्पचा विषय निघाला की चार वर्षं 'बघू' म्हणताहेत. २०२५च्या नोव्हेंबरात मात्र प्राप्तिकर खात्याकडून एक पत्र आलं आणि त्यात कलम ८०-डीडीच्या रकान्यात माझा आकडा होता १,२५,०००, त्यांचा शून्य. खाली मागणी: २८,०८० रुपये.

हिशेब सरळ आहे आणि म्हणूनच जास्त झोंबतो. अवलंबून असलेल्या दिव्यांग नातेवाइकाचा सांभाळ केला तर जुन्या करप्रणालीत ७५ हजारांची ठोक वजावट मिळते. दिव्यांगत्व ८० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर सव्वा लाखाची. प्रत्यक्षात किती खर्च केला, हे कोणी विचारत नाही. डायपरचं बिल, फिजिओथेरपीची पावती, काही लागत नाही. लागतं ते एकच, प्रमाणपत्र. माझं करपात्र उत्पन्न या वजावटीनंतर ८,१०,००० होतं. ती काढून घेतल्यावर झालं ९,३५,०००. सगळा फरक वीस टक्क्यांच्या पट्ट्यात, म्हणजे २५,००० कर, त्यावर चार टक्के उपकर, एकूण २६,०००. ऑफिसनं दादाचे कागद बघून पगारातून कर कमी कापला होता, त्यामुळे ही रक्कम आता 'न भरलेला आगाऊ कर' ठरली आणि एप्रिलपासून दरमहा एक टक्का व्याज, आठ महिन्यांचे २,०८०.

तर मी पत्र घेऊन आमच्या करसल्लागारांकडे गेले. नाव सांगत नाही, कॉलेज रोडला बरेच आहेत. साहेब आत 'मीटिंगमध्ये' होते. बाहेरच्या बाकावर एक काका बसले होते. पांढरी टोपी, मांडीवर द्राक्षांची पेटी. साहेबांसाठी असावी. भाच्याचं रिटर्न भरायला निफाडकडून आले होते. भाचा मोबाइलवर होता आणि काका मोकळे होते.

"ताई, नोटीस का?"

मी होय म्हटलं. थोडक्यात सांगितलंही, कारण बाकावर बसलेल्या माणसाला न सांगण्याची सोय नाशिकमध्ये नाही.

"म्हंजे सव्वा लाख देतं सरकार?"

"देत नाही काका. उत्पन्नातून वजा करतं. माझे वाचतात सव्वीस हजार."

"तेच ते." काकांनी टोपी मागे सरकवली. "आमच्या सासूबाईंचे दोन्ही गुडघे गेलेले. डाव्या कानानं ऐकू येत नाही. उजव्यानं येतं, पण ती ऐकत नाही. बसवू का तिला?"

मी म्हटलं, सासू यादीत नाही. नवरा किंवा बायको, मुलं, आईवडील, भाऊबहीण, एवढेच.

काकांना हे मनापासून लागलं. "आईवडील चालतात अन् सासू नाही? अहो, आई माझ्याकडं सणाला येते. सासू बारा महिने माझ्याकडं! कोण कोणावर अवलंबून आहे हे त्या कायदेवाल्यांनी एकदा आमच्या घरी येऊन बघावं."

"मग तुमच्या मिसेसच्या नावावर उत्पन्न असेल तर त्या घेऊ शकतात. त्यांची ती आईच की. पण दिव्यांगत्व निदान चाळीस टक्के लागतं, तेही प्रमाणपत्रावर."

"तिच्या नावावर दोन एकर आहे."

"शेतीच्या उत्पन्नाला प्राप्तिकरच नाही, काका."

"मंग?"

"मग वजावट कशातून करणार?"

इथे काका बराच वेळ गप्प झाले. मग भाच्याकडे वळून म्हणाले, "ऐकलं का रे? कर भरत नाही म्हणून कर वाचत नाही. सगळीकडून आपलंच नुकसान." भाच्यानं मान वर न करता होय म्हटलं.

मला वाटलं संपलं. पण त्यांना अचानक काही तरी सुचलं. "थांबा. भाऊ तुमचा, अन् तो तुमच्यावर अवलंबून?"

"होय."

"मोठा भाऊ?"

"होय."

"मंग भाऊबीजेला ओवाळणी कोण टाकतं?"

खरं सांगायचं तर दादाच टाकतो. मी आदल्या दिवशी त्याच्या उशीखाली शंभराची नोट ठेवते आणि तो दुसऱ्या दिवशी ती वाकड्या बोटांनी ताटात टाकतो आणि वर 'कमी पडले तर सांग' म्हणतो. हे मी काकांना का सांगितलं, देव जाणे. काकांनी दोन्ही हात मांडीवर मारले. "बस्स! म्हंजे त्याला उत्पन्न आहे! तिथंच पकडलं असेल तुम्हाला!"

मला हसू आलं आणि त्याच क्षणी रागही आला, कारण आतला साहेबांचा असिस्टंट बाहेर येऊन जवळजवळ याच सुरात म्हणाला, "मॅडम, सर्टिफिकेट नव्हतं ना."

सर्टिफिकेट आहे. दादाचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे सरकारी दिव्यांग ओळखपत्र, आहे, टक्केवारीसकट. ते मी असिस्टंटला जूनमध्येच दिलं होतं. पण सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता आणि बहुदिव्यांगत्व या तिघांसाठी प्राप्तिकर नियम ११-ए वेगळा नमुना मागतो: फॉर्म १०-आयए. बाकी दिव्यांगत्वांना नेहमीचं सरकारी प्रमाणपत्र पुरतं. मूळ कलमात लिहिलंय की प्रमाणपत्राची प्रत त्या त्या वर्षाच्या रिटर्नसोबत द्यायची. रिटर्नला हल्ली कागद जोडता येत नाहीत, म्हणून हा फॉर्म पोर्टलवर वेगळा भरायचा आणि त्याची तारीख व पोचक्रमांक रिटर्नमधल्या ८०-डीडीच्या तक्त्यात लिहायचे. असिस्टंटनं ते दोन रकाने रिकामे सोडले होते. शिवाय दावा नाकारण्याआधी खातं एक पत्र पाठवतं आणि उत्तराला तीस दिवस देतं. तेही आलं होतं. पोर्टलवर ईमेल कोणाचा? असिस्टंटचा. "सर, सगळ्या क्लायंटचा माझाच टाकतो, सोपं पडतं." सर नाही, मॅडम, म्हटलं मी. आणि सोपं कोणाला?

मग त्यानं उपाय सुचवला: "रेक्टिफिकेशन टाकून देतो, रीप्रोसेस." हे ऐकायला छान वाटतं, पण करू देऊ नका. कलम १५४ची दुरुस्ती असते ती नोंदींवरून उघड दिसणाऱ्या चुकीची. इथे नोंदीत फॉर्मच नाही. त्यामुळे तेच रिटर्न पुन्हा यंत्रात टाकलं की तेच शून्य पुन्हा बाहेर येणार, आणि तोवर ३१ डिसेंबर उलटून जाणार. त्या वर्षी त्या तारखेपर्यंत सुधारित रिटर्न भरता येत होतं, कलम १३९(५) खाली, आणि हे पत्र म्हणजे अंतिम करनिर्धारण नव्हे, त्यामुळे ते आल्यानंतरही भरता येतं. तारीख हुकली की मग आयुक्तांकडे अपील, पत्र मिळाल्यापासून तीस दिवसांत, किंवा मग १५४साठी नशीब आजमावणं.

म्हणजे आधी फॉर्म. १०-आयएवर सही फॅमिली डॉक्टरांची चालत नाही, मग त्यांनी दादाला लहानपणापासून पाहिलेलं का असेना. मेंदूविकारतज्ज्ञ, किंवा जिल्हा शल्यचिकित्सक वा सरकारी रुग्णालयाचे मुख्य वैद्यकीय अधिकारी. आम्ही एका मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेलो. रिक्षातून व्हीलचेअर काढताना दादा म्हणाला, "बघ हं, बरा झालो असेन तर सव्वीस हजार गेले."

हा फॉर्म लहानसाच आहे, पण त्यातली दुसरी आणि तिसरी ओळ वाचल्याशिवाय डॉक्टरांच्या खोलीतून उठू नये. पहिल्या ओळीत 'दिव्यांगत्व' की 'तीव्र दिव्यांगत्व', यातलं एक खोडायचं. पंचाहत्तर हजार की सव्वा लाख, ते तिथे ठरतं. दुसऱ्या ओळीत अवस्था वाढत जाणारी की न वाढणारी, सुधारण्याची शक्यता आहे की नाही. तिसऱ्यात पुनर्तपासणीची शिफारस आहे की नाही, आणि असल्यास किती महिन्यांनी वा वर्षांनी. आमच्या डॉक्टरांनी घाईत काहीच खोडलं नाही. म्हणजे कागदोपत्री दादा एकाच वेळी सुधारणारा आणि न सुधारणारा, दोन्ही. मी परत पुढे केला तेव्हा ते जरा त्रासले. पण पुनर्तपासणीची मुदत तिथे चुकून राहिली तर ती संपल्यावर वजावटही थांबते. ज्या आर्थिक वर्षात मुदत संपते ते वर्ष मिळतं, पुढच्यापासून नवं प्रमाणपत्र लागतं. चोपन्न वर्षांच्या माणसाला 'दोन वर्षांनी पुन्हा दाखवा' म्हणण्यात काय अर्थ? डॉक्टरांनी 'सुधारण्याची शक्यता' यावर आडवी रेघ मारली. त्यांनी ती फार सराईतपणे मारली. दादा खिडकीबाहेर बघत होता. मी उगाच पर्समध्ये पेन शोधत बसले.

बाकीचं मी घरी स्वतः केलं. पोर्टलवर `e-File → Income Tax Forms → File Income Tax Forms` इथे जाऊन फॉर्म १०-आयए घेतला, करनिर्धारण वर्ष २०२५-२६ निवडलं, प्रमाणपत्राची पीडीएफ चढवली, आधारच्या ओटीपीनं पडताळणी केली. पोचक्रमांक आला. मग सुधारित रिटर्न: ८०-डीडीच्या तक्त्यात तीव्र दिव्यांगत्व, नातं भाऊ, दादाचा आधार, यूडीआयडी क्रमांक, आणि ते दोन रकाने, फॉर्मची तारीख आणि पोचक्रमांक. या रिटर्नचीही पडताळणी तीस दिवसांत करावी लागते, नाहीतर ते भरलंच नाही असं धरतात. आणि `Response to Outstanding Demand` मध्ये जाऊन मागणीशी असहमत असल्याचं कारणासकट नोंदवलं. ते करून ठेवलेलं बरं, कारण मान्य करून बसलो तर पुढच्या परताव्यातून रक्कम वळती होऊ शकते.

दादाला ओटीपी यायचा नव्हता तरी फोन हातात धरून बसला होता. त्याचा मोठेपणा.

सुधारित रिटर्न दाखल झाल्याचं करसल्लागारांना कळवलं, फक्त माहितीसाठी. दुसऱ्या दिवशी असिस्टंटचा फोन. "मॅडम, रिव्हाइज्डची आपली फी पंधराशे असते. तुम्ही भरलं म्हणून सरांनी हजार करायला सांगितलंय."