काकांचा सल्ला आणि दुसऱ्या दिवशीचे पोहे

«सुट्टीला नागपूरला आलो की पहिल्याच जेवणाला काका सुरू होतात: परत ये, सरकारी बघ, नाहीतर इथंच मिहानमधल्या कंपनीत लाग, उमरेड रोडला शेत घेऊन टाक. उलट बोललो तर बाबांना लागतं, गप्प बसलो तर तीन आठवडे डोक्यात तेच. करायचं काय?» (जर्मनीत नोकरी करणारे एक वाचक)

जेवताना उत्तर देऊच नका. जर्मन ऑफिसात मीटिंगमध्ये साहेबाला «मला हे पटत नाही» म्हणता येतं आणि पाच मिनिटांनी त्याच्याचसोबत कॉफी पिता येते. दोन-तीन वर्षांत ती सवय जिभेवर बसते. धरमपेठेतल्या ताटावर तेच वाक्य वेगळं ऐकू जातं, कारण समोर आत्या असते, नवा जावई असतो. आपलं बोलणं जावयादेखत खोडलं एवढंच काकांच्या लक्षात राहतं, तुमचा मुद्दा बाजूलाच राहतो. म्हणून तिथं एकच म्हणा, «काका, हे नीट बोलू, उद्या सकाळी तरी-पोहे खायला जाऊ.» आणि खरंच जा. नाही गेलात तर ती टाळाटाळ ठरते आणि रात्रीच्या जेवणाला पुढचा भाग सुरू होतो.

पोह्यांच्या गाडीवर आधी त्यांना बोलू द्या. त्यांचा सल्ला सहसा अर्धा बरोबर असतो. राज्य सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या काकांना शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन मिळते, म्हणून सरकारी नोकरी त्यांना सगळ्यात सुरक्षित वाटते. पण 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्यांना सहसा ती जुनी पेन्शन नाही. मार्च 2023 चा संप त्यासाठीच झाला होता आणि काकांना तो तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतो. तेव्हा विचारा, «काका, आता लागलं तर तुमच्यासारखी पेन्शन मिळते का हो?» दहा मिनिटं बोलतील, पोरांवर कसा अन्याय झाला ते सांगतील. त्यातून सल्ला ते मागे घेतीलच असं नाही, आणि «बघा, मी म्हटलं नव्हतं?» हे तर चुकूनही तोंडातून काढू नका.

शेताच्या बाबतीत मात्र «हो, बघतो» म्हणून विषय संपवण्याचा मोह घातक. आपल्याकडे «बघतो» म्हणजे अर्धा होकार. काका दलालाशी बोलतात, कोणाला तरी शब्द देतात, आणि तुम्ही परत गेल्यावर मध्यरात्री फोन येतो. अनिवासी भारतीयाला फेमा या परकीय चलनाच्या कायद्यानं शेतजमीन आणि फार्महाऊस विकत घेता येत नाही. फ्लॅट किंवा एनए प्लॉट घेता येतो. वारशानं आलेलं शेत हा वेगळा मामला. बँकेतून निवृत्त झालेले मामा घरात असतील तर हे त्यांना सांगू द्या. भाच्याच्या तोंडून नियम आला की तो उद्धटपणा वाटतो, मामांच्या तोंडून आला की माहिती. मावशी मध्येच «आमचा पोरगा आला ना बाप्पा पुण्याहून परत!» म्हणेल. तिला तुमच्या नोकरीचं काही विचारायचंच नसतं. «कसा आहे तो?» एवढं पुरे.

«परत ये» ला मत सांगू नका, तारीख सांगा. ब्लू कार्ड या नोकरीच्या व्हिसावर जर्मनीत कायम वास्तव्याचा परवाना बी-वन पातळीचं जर्मन असेल तर 21 महिन्यांनी मिळू शकतो, साधं ए-वन असेल तर 27 महिन्यांनी. त्याआधी सोडून आलात तर तो हातचा जातो. «पुढच्या दिवाळीपर्यंत परवाना होतो, तोवर हलत नाही, मग पुन्हा बोलू» हे वाक्य काकांच्या पिढीला कळतं. त्यांनीही बदली आणि बढतीच्या तारखा मोजतच नोकरी केली. फक्त पुढच्या दिवाळीनंतर ते विचारणार, हे धरून चला. चौथ्यांदा विचारलं तरी तेच वाक्य, त्याच शब्दांत सांगा. दरवेळी नवं कारण दिलंत की वादाला जागा मिळते.

आतल्या आत धुमसणं ओळखायची खूण सोपी आहे. उत्तरं «हं» वर येतात, हात मोबाइलकडे जातो, आणि रात्री आईला वरणात मीठ कमी असल्याचं ऐकून घ्यावं लागतं. त्याच रात्री नेमकं कोणतं वाक्य लागलं ते कागदावर लिहा. बहुतेकदा ते शेताचं नसतं. «तिथं एकटा कोणासाठी राहून राहिला बे?» हे असतं. त्याला ना फेमा कामी येतो ना ब्लू कार्ड. बाबांना दवाखान्यात नेणारे, गॅस सिलिंडर संपला की धावणारे तेच काका असतील, तर हा प्रश्न विचारायचा त्यांना थोडा हक्क आहे, असं माझं मत. त्याचं उत्तर दोन प्लेट पोह्यांत निघत नाही. «मलाही ते वाटतं, काका» म्हणून थांबलात तरी चालेल.

आणि पोह्यांचे पैसे काकांनाच देऊ द्या.